कोडें केव्हां घालावें?

शाळेंतून निवृत्त झाल्यावर राहनाळच्या मुलांसाठीं मीं फेसबुकवर एक पान उघडलें व दर मंगळवारीं आणि गुरुवारीं त्यावर गणिताचें एक कोडें घालूं लागलों. भाच्यानें उत्तम वेळांचा एक तक्ता पाठविला होता. त्यांत सकाळचे 10 ही वेळ दिली होती. मीं ती पाळली. उत्तरें मात्र मोजकींच येत.

असे तक्ते अनेक देशांतील असंख्य खात्यांची सरासरी काढून केलेले असतात. आमच्याकडे बाप गोदामांत किंवा मागावर कामाला जातो, आणि घरांतला एकुलता फोन त्याच्या खिशांत जातो. सकाळीं दहाला मूल एकीकडे, फोन दुसरीकडे. तेव्हां रात्रीं 9 ची वेळ बरी, असा मीं तर्क केला. परंतु तर्क म्हणजे कांहीं पुरावा नव्हे.

मंगळवारला सकाळ आणि गुरुवारला रात्र अशी कायमची वांटणी केली असती, तर फरक वाराचा कीं वेळेचा, हें कळलें नसतें. म्हणून सहा आठवड्यांसाठीं सहा चिठ्ठ्या केल्या. तिहींवर 'मंगळवारीं सकाळ, गुरुवारीं रात्र' असें लिहिलें, तिहींवर त्याच्या उलट. दर रविवारीं एक उचलली. कोडीं सारख्याच काठिण्याचीं घेतलीं, आणि कोडें घातल्यापासून बरोबर 48 तासांत किती जणांनीं उत्तर दिलें, तेवढेंच वहींत टिपलें. जुन्या कोड्याला अधिक दिवस मिळाले असते, तर तुलना खोटी ठरली असती.

सकाळचे आंकडे असे आले: 4, 6, 5, 3, 7, 5. रात्रीचे: 11, 9, 14, 10, 41, 12. यांतील 41 पाहून मी हुरळलों. पण शोध घेतां तें कोडें कोणी तरी एका मोठ्या गटांत पाठविल्याचें कळलें. त्या एका आंकड्यानें रात्रीची सरासरी 16 वर जाते. आंकडे चढत्या क्रमानें मांडून मधला घेतला, तर ती साडेअकरा ठरते; तीच खरी मानावी. तो आंकडा वगळला तरी रात्रीचा सर्वांत लहान आंकडा सकाळच्या सर्वांत मोठ्याहून मोठाच आहे. एवढा फरक केवळ योगायोगानें पडणें कठीण.

पुढें याच रीतीनें रात्रीचे 7 आणि 9 ताडून पाहिले. या वेळीं दोन्हींचे आंकडे एकमेकांत मिसळून गेले. त्यावरून निर्णय देणें म्हणजे स्वतःची फसवणूक. वहींत मीं 'फरक दिसत नाहीं' इतकेंच लिहिलें.

हा निकाल माझ्या पानापुरता, आणि शाळा चालूं असतांनाचा आहे. मे महिन्यांत मुलें घरीं असतात, गांवोगांवीं जातात. तेव्हां चिठ्ठ्या पुन्हां टाकाव्या लागतील. रात्रीचे 9 हेंही दुसऱ्या कोणी आपल्या तक्त्यांत उतरून घेऊं नये.