समास सोडवावा कसा

गीतेच्या पाचव्या अध्यायातला २८वा श्लोक आज निरूपणाला घेतला आहे. सगळा श्लोक सांगत नाही. त्यातला एकच शब्द घेऊ, पण तो पुरता सोडवू. शब्द आहे ‘विगतेच्छाभयक्रोधः’. पोथीत तुम्हाला शेवटी ‘क्रोधो’ दिसेल. पुढे ‘यः’ आलाय, त्या संधीमुळे विसर्गाचा ओ झाला. म्हणून पहिलं काम हे, की तो विसर्ग जागेवर आणून ठेवायचा.

तरुणपणी या शब्दानं माझी फजिती केलेली आहे. एका गावी कीर्तन झालं, आणि आरतीनंतर एक म्हातारेबाबा जवळ आले. म्हणाले, “बुवा, माझी हाव सुटली. शेत पोरांच्या नावावर केलं, आता काही मागणं नाही. पण राग जात नाही. तुमच्या श्लोकातला तो मुनी, त्यात मी बसतो का?” मी ‘विगतेच्छा’ एवढंच धरलं आणि म्हटलं, “बसता की! इच्छा गेली, मुख्य काम झालं.” बाबा काही बोलले नाहीत, नमस्कार करून गेले.

गुरुजींना हे सांगितलं तर त्यांनी पाटी पुढे केली. म्हणाले, “विग्रह लिही.”

आता तुम्हीही बोट ठेवून बघा. संधी फोडली की चार पदं होतात : विगत, इच्छा, भय, क्रोध. ‘विगत’मधला अ आणि ‘इच्छा’तली इ मिळून ए झाला, बाकी सरळ आहे. पदं सुटली म्हणजे अर्थ सुटला असं मात्र नाही. कोणतं पद कुणाशी आधी बांधलंय, हा खरा प्रश्न. मी ‘विगत’ आणि ‘इच्छा’ यांचीच गाठ मारली होती. गुरुजींनी विचारलं, “इच्छा नसलेल्याला मराठीत काय म्हणतोस?” म्हटलं, निरिच्छ. “मग ‘इच्छा’चा काना कुठे गेला?” माणसाचं विशेषण झालं की तो काना जातो. नुसती इच्छा गेलेला माणूस म्हणजे ‘विगतेच्छ’. आपल्या शब्दात बघा, ‘च्छा’ आहे, काना जागेवर आहे. म्हणजे तिथे शब्द संपलेला नाही, इच्छा पुढच्या दोघांना धरून उभी आहे.

म्हणून आधी द्वंद्व : इच्छा च भयं च क्रोधश्च. तिघांची एक मोळी झाली, ‘इच्छाभयक्रोधाः’. मग त्या अख्ख्या मोळीला ‘विगत’ लागतं : ‘विगताः इच्छाभयक्रोधाः यस्मात् सः’. ज्याच्यापासून इच्छा, भय आणि क्रोध हे तिन्ही निघून गेले, तो. शांकरभाष्यातही हाच क्रम आहे.

कुणी म्हणेल, शब्दाच्या शेवटी तर क्रोध आहे, मग हा ‘तो’ आणला कुठून? शेवटाकडे बघा. नुसती तिघांची नावं सांगायची असती तर ‘क्रोधाः’ असं अनेकवचन आलं असतं. इथे ‘क्रोधः’, एकवचन. वस्तू तीन आणि वचन एक, कारण शब्द त्या वस्तूंचा नाहीच, एका माणसाचा आहे. पुढचे ‘यः’ आणि ‘सः’ त्याच माणसाकडे बोट दाखवतात. हाच बहुव्रीही. आपला पीतांबर घ्या ना. संस्कृतात ‘पीताम्बरम्’ म्हटलं तर पिवळं वस्त्र, ‘पीताम्बरः’ म्हटलं तर ते नेसलेला हरी. मराठीत तो शेवट गळून पडला, म्हणून आपला गोंधळ होतो.

पण शेवट बघून सगळेच समास उलगडत नाहीत बरं! त्वष्ट्याची कथा आठवा. इंद्रानं त्याच्या मुलाला, विश्वरूपाला मारलं. त्वष्ट्यानं रागानं उरलेला सोम अग्नीत टाकला आणि ‘इंद्रशत्रु’ वाढो असं म्हटलं. त्याच्या मनात होतं, इंद्राचा शत्रू म्हणजे इंद्राला मारणारा. तो तत्पुरुष, त्यात उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर यायला हवा. तोंडून गेला पहिल्या अक्षरावर. झाला बहुव्रीही : इंद्र आहे शत्रू ज्याचा, म्हणजे इंद्र ज्याला मारणार, तो! लिहिताना दोन्ही शब्द अगदी एकच. वृत्र जन्मला, वाढला, आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींनी महाभाष्यात स्वर चुकल्याचा हाच दाखला दिला आहे.

माझी चूक स्वराची नव्हती, एका कान्याची होती. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो, तेव्हा बाबांना शोधून काढलं. पारावर बसले होते. म्हटलं, “बाबा, मागच्या खेपेला चुकीचं सांगितलं. तिन्ही जायला हवेत. राग आहे तोवर त्या शब्दात बसता येत नाही.” बाबा हसले. म्हणाले, “बुवा, मला तेव्हाच वाटलं होतं. घरी गेलो आणि सुनेवर ओरडलो की!”