ताळेबंदाआडची गुणोत्तरे : एका छोट्या ताग कंपनीच्या हिशेबाचे वाचन



पडद्यावर आपण तीन तक्ते पाहिले : तरलता, नफाक्षमता आणि कर्जभार. सूत्रे आपल्याला पाठ असतील, त्यामुळे ती पुन्हा सांगत नाही. ही गुणोत्तरे ज्या आकड्यांवरून निघतात ते आकडे कंपनीच्या हिशेबात कोठून येतात, एवढेच आज पाहू. त्यासाठी कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी बारदान विणणारी एक छोटी कंपनी कल्पनेत आणू. आकडे सोयीसाठी मी मांडलेले आहेत, पण त्यांची ठेवण अशा कंपन्यांच्या हिशेबासारखीच आहे.

३१ मार्चचा तिचा ताळेबंद लाख रुपयांत असा आहे. भागधारकांचा स्वनिधी २०० आणि दीर्घ मुदतीचे कर्ज १५०. चालू देणी ३००, त्यांपैकी बँकेचे कॅश क्रेडिट १८० आणि उरलेली १२० पुरवठादारांची व इतर. दुसऱ्या बाजूला स्थिर मालमत्ता २३० आणि चालू मालमत्ता ४२०. या ४२० मध्ये साठा २४०, ग्राहकांकडील येणी १६० आणि रोख २०. दोन्ही बाजूंची बेरीज ६५०.

चालू गुणोत्तर ४२० भागिले ३००, म्हणजे १.४ येते. साठा वगळून काढलेले त्वरित गुणोत्तर १८० भागिले ३००, म्हणजे ०.६ आहे. परीक्षेच्या पुस्तकांत २ आणि १ हे आदर्श दिलेले असतात. तेवढ्यावरून या कंपनीला दुर्बल ठरविण्याची घाई करू नये, कारण ताळेबंद हे एका दिवसाचे चित्र आहे आणि तागाचा धंदा हंगामी आहे. नवा ताग पावसाळ्याच्या उत्तरार्धात बाजारात येऊ लागतो. कारखाने त्याच काळात बँकेकडून पैसे उचलून साठा करतात. समजा नोव्हेंबरपर्यंत साठा २०० ने वाढला आणि कॅश क्रेडिटही तेवढेच वाढले, तर गुणोत्तर ६२० भागिले ५००, म्हणजे १.२४ होईल. कंपनीची स्थिती बिघडलेली नाही, केवळ महिना बदलला आहे.

याच गुणधर्माचा उपयोग सजावटीसाठीही करता येतो. समजा ३० मार्चला कंपनीने ग्राहकांकडून १०० लाख वसूल केले आणि तेवढेच कॅश क्रेडिट खात्यात भरले. चालू मालमत्ता ३२० उरली, देणी २०० उरली आणि चालू गुणोत्तर १.४ वरून १.६ वर गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीच रक्कम पुन्हा उचलली जाईल. मात्र त्वरित गुणोत्तर याच व्यवहाराने ०.६ वरून ०.४ वर घसरले. कारण साधे आहे. अंश आणि छेद या दोहोंतून समान रक्कम वजा केली, तर एकाहून मोठे गुणोत्तर वाढते आणि एकाहून लहान गुणोत्तर घटते. ही दोन गुणोत्तरे विरुद्ध दिशांना गेलेली दिसली, की वर्षअखेरीच्या व्यवहारांची चौकशी करावी.

येण्यांविषयी एक गोष्ट. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर येणी किती जुनी आहेत याचा तक्ता टिपांमध्ये द्यावा लागतो. आपल्या कंपनीच्या १६० पैकी ६० लाख दोन वर्षांहून जुने असतील, तर सावध वाचकाने ते वगळूनच भागाकार करावा. मग चालू गुणोत्तर १.२ च राहते. त्याच दुरुस्तीने ठराविक ११ गुणोत्तरे जाहीर करणे आणि एखाद्यात गतवर्षीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक बदल झाल्यास त्याचे कारण देणेही बंधनकारक केले. माझ्या मते हे कारण गुणोत्तरापेक्षा अधिक बोलके असते.

आता नफा-तोटा पत्रक. विक्री १,००० लाख. ताग, मजुरी, वीज आदी खर्च ९३० आणि घसारा २० वजा जाता ५० उरतात. व्याज ३५ दिल्यावर १५ राहतात. त्यात ‘इतर उत्पन्न’ या नावाखाली २५ मिळविले आहेत, म्हणून करपूर्व नफा ४० झाला. कर १० आणि निव्वळ नफा ३०. स्वनिधीवरील परतावा ३० भागिले २००, म्हणजे १५ टक्के. हा आकडा चांगला दिसतो.

परंतु टीप उघडली तर कळते, की ते २५ लाख बंद शेडमधील जुनी यंत्रे विकून आलेले आहेत. यंत्रे पुन्हा विकता येणार नाहीत. ती रक्कम बाजूला काढली, तर करपूर्व नफा १५, करानंतर सुमारे ११ आणि परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. बारदानाच्या धंद्याची कमाई एवढीच आहे.

कर्जभाराच्या तक्त्यात केवळ दीर्घ मुदतीचे कर्ज धरले तर प्रमाण १५० भागिले २००, म्हणजे ०.७५. कॅश क्रेडिट धरले तर ३३० भागिले २००, म्हणजे १.६५. ते कागदोपत्री मागणी करताच फेडावयाचे असले, तरी वर्षानुवर्षे चालूच राहते आणि त्यावर व्याज द्यावे लागते, म्हणून मी ते धरतो. उत्तरपत्रिकेत आपण कोणती व्याख्या घेतली हे अवश्य लिहावे.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. स्वनिधी आणि कर्ज मिळून ५३० लाख धंद्यात गुंतले आहेत आणि धंद्याची व्याजापूर्वीची कमाई ५० आहे, म्हणजे सुमारे ९.४ टक्के. कर्जावरील व्याज मात्र ३३० वर ३५, म्हणजे सुमारे १०.६ टक्के पडते. कंपनी उसन्या पैशावर जेवढे मिळविते त्याहून अधिक सावकाराला देते. अशा स्थितीत वाढविलेले प्रत्येक कर्ज भागधारकांचा वाटा खाते. यंत्रविक्रीने हे एक वर्ष झाकले.

अशी वर्षे साचत गेली तर स्वनिधी संपतो आणि पुढे उणे होतो. समजा स्वनिधी उणे ५० आणि तोटा १० आहे. सूत्रात घातले तर परतावा अधिक २० टक्के येईल! उणे भागिले उणे अधिक, पण अर्थ शून्य. छेद उणे झाला की परतावा व कर्ज-स्वनिधी प्रमाण या दोहोंचा आकडा लिहूच नये, ‘स्वनिधी उणे’ एवढेच लिहावे आणि व्याज व मुद्दल फेडण्याची ताकद तपासावी.

कोलकात्याची बंगाल केमिकल्स ही कंपनी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये सुरू केलेला हा उद्योग १९०१ मध्ये मर्यादित कंपनी झाला आणि १९८० मध्ये त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. अनेक दशकांच्या तोट्यानंतर २०१६-१७ मध्ये तिने नफा दाखविला. एका वर्षाचा नफा नफा-तोटा पत्रकात दिसतो, साचलेला तोटा ताळेबंदात दिसतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. शिवाय पुनर्मूल्यन केले नसेल तर जमीन ताळेबंदात खरेदीच्या किमतीने राहते, आणि या कंपनीची जागा कोलकात्यात माणिकतल्याला आहे, तशी मुंबईत प्रभादेवीलाही आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने औषधनिर्मितीतील काही सार्वजनिक कंपन्यांची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला, त्यांत हिचाही समावेश होता.