सूचनांची यादी आणि क्रियापदांची शिस्त



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते व्याकरण शिकवीत असत. म्हणून मी आज व्याकरणाचाच एक लहानसा विषय निवडला आहे. सूचनाफलकावरील यादीत प्रत्येक कलमाची वाक्यरचना निराळी असली, तर ती एका साच्यात कशी आणावी, एवढाच तो विषय.

नमुना म्हणून मी शालेय ग्रंथालयाचा एक फलक रचला आहे. असे फलक आपण सर्वांनीच वाचले असतील. आरंभी ‘विद्यार्थ्यांनी’ एवढाच शब्द असून त्याखाली सहा कलमे आहेत :

१. पुस्तक पंधरा दिवसांत परत करणे.
२. ओळखपत्र सोबत आणा.
३. पानांवर रेघा ओढू नयेत.
४. फाटलेले पान ग्रंथपालांना दाखवावे.
५. पुस्तक हरवल्यास किंमत वसूल केली जाईल.
६. ग्रंथालयात शांतता.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. आरंभीचा शब्द प्रत्येक कलमास जोडून ते वाक्य मोठ्याने वाचावे. ‘विद्यार्थ्यांनी ओळखपत्र सोबत आणा’ हे वाक्य जुळत नाही, कारण आज्ञार्थ समोरच्या माणसाशी बोलतो आणि ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द त्याच्याविषयी बोलतो. पहिल्या कलमातील ‘करणे’ हे केवळ क्रियेचे नाव आहे, आणि सहाव्यात तर क्रियापदच नाही. तिसरे व चौथे कलम मात्र सहज जुळते. ‘दाखवावे’ हा विध्यर्थ आहे आणि ‘ओढू नयेत’ हे विध्यर्थाचेच नकारी रूप आहे. ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दाला विध्यर्थच मानवतो. तेव्हा साचा त्याचाच घ्यावा.

येथे एक सावधगिरी हवी. साचा एक म्हणजे शेवटचे अक्षर एक, असे नव्हे. विध्यर्थात कर्माला प्रत्यय नसेल, तर क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : पुस्तक परत करावे, शांतता राखावी, पाने तपासावीत. ही रूपे कानाला निरनिराळी लागली, तरी रचना एकच आहे. आपल्या सीमाभागात या ठिकाणी घोटाळा होण्याचा संभव अधिक. कारण कन्नडमधील ‘माडबेकु’, ‘तरबेकु’ यांतले ‘बेकु’ कर्म कोणतेही असले तरी तसेच राहते. त्या सवयीने कोणी सगळीकडे ‘वे’ लावून ‘शांतता राखावे’ असे लिहिले, तर यादी एकसारखी दिसेल, पण मराठी बिघडेल.

आता पाचवे कलम पाहा. ‘विद्यार्थ्यांनी किंमत वसूल केली जाईल’ हे वाक्य निरर्थक आहे. ‘किंमत भरावी’ असे केल्यास साचा जुळतो, परंतु अर्थ सरकतो. इतर कलमे विद्यार्थ्याचे कर्तव्य सांगतात. हे कलम ग्रंथालय काय करील ते सांगते. कर्ताच निराळा असलेले कलम ओढूनताणून साच्यात बसवू नये, ते यादीबाहेर स्वतंत्र वाक्यात ठेवावे.

चौथे कलम व्याकरणाने निर्दोष, तरी अर्थाने अपुरे आहे. इतर कलमांना क्रम लावू लागताच प्रश्न उभा राहतो : फाटलेले पान दाखवायचे केव्हा, पुस्तक नेताना की परत करताना? परत करताना दाखविणाऱ्या मुलावर आधीच्या वाचकाच्या हातून फाटलेल्या पानाचा ठपका येऊ शकतो. याचे उत्तर यादी सुधारणाऱ्याने आपल्या मनाने ठरवू नये, ग्रंथपालांना विचारावे. ‘नेताना’ असे त्यांनी सांगितले, असे धरून मी यादी पुन्हा लिहितो.

विद्यार्थ्यांनी
१. ओळखपत्र सोबत आणावे.
२. ग्रंथालयात शांतता राखावी.
३. पुस्तक नेण्यापूर्वी पाने तपासावीत व फाटलेले पान ग्रंथपालांना दाखवावे.
४. पानांवर रेघा ओढू नयेत.
५. पुस्तक पंधरा दिवसांत परत करावे.

आणि यादीखाली स्वतंत्र वाक्य : पुस्तक हरवल्यास ग्रंथालय त्याची किंमत विद्यार्थ्याकडून वसूल करील.

प्रत्येक कलमाआधी ‘विद्यार्थ्यांनी’ म्हणून पाहा. पाचही वाक्ये पूर्ण होतात. कलमांचा क्रमही आता मुलाने ग्रंथालयात पाऊल ठेवल्यापासून पुस्तक परत करीपर्यंतचा आहे. पहिल्या यादीत दंडाचा उल्लेख होता, पण निरपराध मुलाने त्यातून कसे वाचावे, हे स्पष्ट नव्हते. ते आता तिसऱ्या कलमात स्पष्ट झाले आहे. क्रियापदे जुळवू लागलो नसतो, तर ही उणीव आपल्या ध्यानात आली नसती.