ब्याण्णव टक्क्यांचं काय झालं?



तुमच्या पदवीदानाला पाहुणा म्हणून बोलावताना प्राचार्यांनी मला विषय दिला नाही. दिला असता तरी मी बहुधा माझ्याच कामाकडे वळलो असतो, कारण मला दुसरं काही नीट येत नाही. इथून चालत दहा मिनिटांवर, वेस्ट हायकोर्ट रोडवरच्या एका ऑफिसात बसून मी बरीच वर्षं विमा विकणाऱ्या माणसांची भरती केली. एका हातात आमची जाहिरात, दुसऱ्या हातात उमेदवाराचा बायोडाटा आणि मधे लाल पेन. तुमच्या वर्गातल्या पंधरा-वीस जणांचे बायोडाटे येत्या वर्षभरात अशाच कुठल्या तरी टेबलावर जातील. म्हणून आज मी तुम्हाला एकच बायोडाटा वाचून दाखवणार आहे. माणसाचं नाव सांगणार नाही, आकडे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

सप्टेंबर २०२४. मुलगा आपल्याच भागातला, बी.कॉम. झालेला, एका बँकेच्या शाखेत बसून जीवन विमा विकायचा. जूनमध्ये त्यानं ती नोकरी सोडली होती. आमच्या जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या होत्या: चालू स्थितीतलं विक्रीचं प्रमाणपत्र, मागच्या आर्थिक वर्षात किमान ३० लाखांचा वेटेड प्रीमियम, आणि तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी, प्रीमियमच्या हिशोबानं, ८० टक्के. त्याच्या बायोडाट्यात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत तीन ओळी होत्या. ‘आयआरडीएआय लायसन्सधारक फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर.’ ‘प्रीमियम ४२ लाख.’ ‘पर्सिस्टन्सी ९२ टक्के.’ जाहिरातीशेजारी ठेवला तर कागद अगदी जुळत होता.

पहिली ओळ आधी घेऊ. विमा एजंटला आयआरडीएआय लायसन्स देतं, ही समजूत अजून सगळीकडे आहे, पण २०१६ च्या नियमांनुसार वैयक्तिक एजंटची नेमणूक विमा कंपनीच करते. परीक्षा पास झाल्यावर कंपनी नेमणूकपत्र देते, कोड देते. बँकेत बसून विकणाऱ्याचं प्रकरण आणखी वेगळं. तिथे बँक ही कॉर्पोरेट एजंट असते आणि ग्राहकाशी बोलणारा तिचा माणूस ‘स्पेसिफाइड पर्सन’ म्हणून नोंदलेला असतो. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, आणि ते त्या बँकेच्या नावाला बांधलेलं. दुसऱ्या कॉर्पोरेट एजंटकडे जायचं तर आधीच्याकडून ना हरकत घ्यावी लागते. आधीच्यानं ३० दिवसांत काही कळवलं नाही, तर हरकत नाही असं धरून पुढे जाता येतं.

मी त्याला म्हटलं, प्रमाणपत्र दाखव. त्यानं मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. दिल्याची तारीख जुलै २०२१. म्हणजे जुलै २०२४ मध्ये ते संपलेलं. नोकरी सोडलेली, नूतनीकरणाचं कोणी बघितलेलं नाही, ना हरकतही मागितलेली नाही. रोज वीस लोकांना फोन करून ‘काका, हप्ता भरायची तारीख आली’ म्हणणाऱ्या पोरानं स्वतःचाच कागद लॅप्स होऊ दिला होता. हसू नका, त्याच टेबलावर मी असे खूप बघितले.

‘फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर’ या शब्दाबद्दल जाता जाता. विमा कंपन्या आपल्या एजंटांना हौसेनं अ‍ॅडव्हायझर म्हणतात. पण गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणारा माणूस सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली नोंदलेला असावा लागतो. आणि २०२० मधल्या दुरुस्तीनंतर अशी नोंदणी नसलेल्या म्युच्युअल फंड वितरकाला ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’सारखी बिरुदं लावता येत नाहीत. तुमच्यातल्या कोणी एनआयएसएमची पाच-ए परीक्षा दिली असेल (शंभरपैकी पन्नास लागतात, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं), तर तेवढंच लिहा. एआरएन मिळाला असेल तर तो नंबर लिहा, तो तपासता येतो.

आता ४२ लाख. त्याला विचारलं, हे लॉगिन की इश्यू? तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘लॉगिन, सर.’ लॉगिन म्हणजे फॉर्म आणि चेक जमा झाला तो आकडा. नंतर काही चेक परत येतात, कोणाची साखर मेडिकलमध्ये वर निघते आणि कंपनी प्रस्ताव नाकारते. त्याचे असे ५ लाख गेले होते. आणखी २ लाख फ्री-लूकमध्ये गेले. पॉलिसी हातात आल्यावर ठरावीक दिवसांत ग्राहकाला ती परत करून पैसे मागता येतात, तो फ्री-लूक. उरले ३५ लाख. त्यातले १० लाख सिंगल प्रीमियमचे होते, म्हणजे एकदाच भरायचे. वेटेड हिशोबात सिंगलचा दहावा भागच धरतात, कारण पुढच्या वर्षी तो ग्राहक पुन्हा पैसे भरणार नसतो. म्हणून नियमित हप्त्याचे २५ लाख आणि सिंगलचा १ लाख मिळून २६ लाख. जाहिरातीत ३० मागितले होते.

इथपर्यंत मला फार काही वाटलं नव्हतं. चार लाखांचा फरक कुठल्याही मार्चमध्ये पडतो. मला खरं बघायचं होतं ते ९२ टक्के.

तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी म्हणजे, वर्षापूर्वी विकलेल्या पॉलिसींपैकी किती पॉलिसींचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला गेला. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिकाला १५. ती संपल्यावर मोजतात. त्यामुळे २०२३-२४ ची पूर्ण वर्षाची विक्री या आकड्यात अजून आलेली नव्हती. त्याच्या बायोडाट्यातले टक्के २०२२-२३ मधल्या पॉलिसींचे होते. त्या वर्षी त्यानं ५० पॉलिसी विकल्या, त्यातल्या ४६ चालू होत्या. पन्नासात सेहेचाळीस, ब्याण्णव टक्के. हिशोब बरोबर.

पण त्या पन्नासात दहा सिंगल प्रीमियमच्या होत्या. एकदाच पैसे भरायचे तर त्या बंद पडणार कशा? त्या काढल्या की चाळीसात छत्तीस राहतात, म्हणजे नव्वद. हाही चांगलाच आकडा. मग मी त्याला महिन्याचा पर्सिस्टन्सी रिपोर्ट दाखवायला सांगितला, रुपयांचा रकाना असलेला. चाळीस पॉलिसींचा मिळून वार्षिक हप्ता २० लाख. बंद पडलेल्या फक्त चार, पण एक ३ लाखांची, एक दीड लाखाची आणि दोन पन्नास-पन्नास हजारांच्या. साडेपाच लाख गेले, साडेचौदा राहिले. वीसात साडेचौदा, म्हणजे ७२.५ टक्के.

‘पण ब्याण्णव तर आहेच न, सर,’ तो म्हणाला. ‘खोटं नाही लिहिलं न मी.’

खोटं नव्हतंच. तिन्ही आकडे खरे होते. जाहिरातीत ‘प्रीमियमच्या हिशोबानं’ हे शब्द होते, त्यांना उत्तर देणारा आकडा मात्र त्यानं लिहिला नव्हता. पॉलिसींच्या संख्येची आणि रुपयांची टक्केवारी यांत इतकं अंतर दिसलं, की मोठ्या पॉलिसी कुठे आणि का पडल्या ते विचारायचं, हे मला त्या टेबलानं शिकवलं. उलटही घडतं. छोट्या मासिक हप्त्यांच्या पॉलिसी भराभर पडतात आणि दोन मोठे ग्राहक रुपयांची टक्केवारी सावरून धरतात.

ऑफिसात बोलणं अवघड जायला लागलं, म्हणून आम्ही कॉफी हाऊस चौकात जाऊन बसलो. तीन लाखांची ती पॉलिसी काटोलकडच्या एका संत्रा बागाइतदाराची होती. विकली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, टार्गेटला कमी पडत होतं म्हणून. त्या मार्चमध्ये बागाइतदाराकडे पैसा होता, कारण त्यानं मृग बहार धरला होता आणि मृगाची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये विकली जातात. पुढच्या खेपेला त्यानं आंबिया धरला. आंबियाचा फुलोरा जानेवारीत, तोडणी ऑक्टोबरपासून पुढे. म्हणजे दुसरा हप्ता द्यायचा तो मार्च नेमका कोरडा. एप्रिलअखेर सवलत संपली आणि पॉलिसी बंद. मी विचारलं, यंदा कोणता बहार धरणार, हे तू त्याला विचारलं होतंस का? तो म्हणाला, ‘मार्च होता न सर.’

एकाच वार्षिक हप्त्याऐवजी सहामाही ठेवता आला असता. किंवा तीन लाखांच्या जागी एक लाखाची पॉलिसी, जी त्या माणसाला दोन्ही बहारांत पेलली असती. मग त्याचा प्रीमियम कमी दिसला असता आणि पर्सिस्टन्सी ऐंशीच्या वर गेली असती. आमची जाहिरात दोन्ही मागत होती, आणि खरं सांगायचं तर मार्चमध्ये आम्हीही पहिला आकडाच मोठ्यानं ओरडायचो. त्या पोराला एकट्याला दोष देणं मला कधी जमलं नाही.

त्यानं तिथेच, कॉफीच्या बिलामागे, नवीन ओळी लिहिल्या. प्रमाणपत्र क्रमांक, दिल्याची आणि संपल्याची तारीख, नूतनीकरण बाकी. २०२३-२४, इश्यू झालेला वेटेड प्रीमियम २६ लाख. २०२२-२३ च्या पॉलिसी, सिंगल सोडून, तेरावा महिना: संख्येनं ९०, रुपयांनी ७२.५. आमच्या त्या जागेसाठी मी त्याला घेऊ शकलो नाही, अट अट असते. पण हा कागद मी नूतनीकरणाचा विभाग सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवला. तिथे थकलेल्या हप्त्यांचे फोन करायचे असतात, आणि पॉलिसी कशामुळे पडते हे माहीत असलेला माणूस लागतो. पारंपरिक पॉलिसी बंद पडल्यावर पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येते. तो पोरगा तिथे लागला, आणि आंबियाची तोडणी झाल्यावर त्यानं पहिला फोन काटोलला केला.

तुमच्याकडे आज पर्सिस्टन्सी नाही. फ्रेशरकडे ती नसतेच, कारण तुम्ही अजून काही विकलेलं नाही आणि तेरा महिने झालेले नाहीत. तरीही दर वर्षी दोन-चार फ्रेशर बायोडाट्यात ‘हाय पर्सिस्टन्सी’ लिहून येतात, कुठून तरी उतरवलेलं. ते खोडून टाका. त्या जागी परीक्षेचं नाव, गुण आणि तारीख लिहा. आणि ज्यांच्याकडे एनआयएसएमचं प्रमाणपत्र आलंय त्यांनी ते आज रात्री फाईलमधून काढून मुदत कधी संपते ते बघा, आणि ती तारीख घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. कॅलेंडर बदललं की नव्यावर पुन्हा लिहायला विसरू नका.