काढ्यातला ज्येष्ठमध


एका मुलीचं पत्र आलंय.

"डॉक्टरकाका, आई रक्तदाबाची गोळी रोज घेते.
खोकल्यासाठी आजी तिला महिनाभर दोन्ही वेळा काढा देतेय.
चालेल ना?"

काढ्यात काय असतं, तेही तिनं लिहिलंय.
तुळस, आलं, गवती चहा,
आणि ज्येष्ठमधाची बोटभर कांडी.

चहात घालतो तेवढी तुळस, तेवढं आलं चालेल.
मला काळजी वाटते ती ज्येष्ठमधाची.

ज्येष्ठमध रोज पोटात गेला,
की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं.
पावलं सुजतात, रक्तदाब वाढतो.
गोळी जे कमी करते, तेच काढा वाढवतो.

शिवाय पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं.
लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर जास्तच.

मग पोटऱ्यांत गोळे येतात.
जिना चढताना पाय गळून जातात.

बाळ, आजीला काढा करू दे.
त्यातला ज्येष्ठमध तेवढा काढ.
तयार पुडी असेल, तर तिच्यावर 'यष्टिमधु' लिहिलंय का बघ.
तो ज्येष्ठमधच.

आईची गोळी मात्र थांबवू नका.
पुन्हा सांगतो,
ज्येष्ठमध बंद, गोळी चालू.

या आठवड्यात आईला घेऊन ये.
रक्तदाब मोजू, पोटॅशियम तपासू.
येताना काढ्याची पुडीही आण.