बिल पीओशी जुळत नाही? डेबिट नोट आपली, क्रेडिट नोट त्यांची

आजचा विषय लहान धंदेवाल्यांचा. मी कोन-सावळे रस्त्यावरच्या काही वर्कशॉपवाल्यांचे हिशेब बघतो. तिथे एक प्रश्न दर महिन्याला येतोच: "माल कमी आला, रेट जास्त लावला, आता बिलाचं काय करू?" बरेच जण पेनाने बिलावर काट मारतात आणि तेवढे पैसे कमी देतात. पैशाचा हिशेब जुळतो, पण जीएसटीचा जुळत नाही. तो कसा जुळवायचा, ते आज एका उदाहरणातून बघू.

समजा कोनला तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेडच्या कामासाठी तुम्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका व्यापाऱ्याला पीओ पाठवला: एमएस अँगल, २,००० किलो, ५८ रुपये किलो, जीएसटी १८ टक्के वेगळा. गाडी आली. बिलात लिहिलंय २,००० किलो, पण रेट ६० रुपये. म्हणजे माल १,२०,००० रुपयांचा, जीएसटी २१,६००, एकूण १,४१,६०० रुपये. आणि तुम्ही गाडी जवळच्या काट्यावर नेली तर माल भरला १,९४० किलो.

इथे तीन कागद समोरासमोर ठेवायचे. पीओ सांगतो काय ठरलं. काटा पावती सांगते काय आलं. बिल सांगतं काय मागितलंय. तिन्ही जुळले तरच बिल पास करायचं. एक लक्षात ठेवा, मोठ्या काट्यावर वजन पाच-दहा किलोच्या टप्प्याने दिसतं. त्यामुळे दहा किलोच्या फरकावरून भांडण काढण्यात अर्थ नाही. किती फरक चालेल आणि कुठल्या काट्याचं वजन धरायचं, हे पीओमध्येच लिहून टाका. पण साठ किलो म्हणजे काट्याचा फरक नाही, माल कमी आहे.

आता फरक मोजू. दोन कारणं आहेत, ती वेगळी ठेवा. पहिलं, रेट. दोन रुपये जास्त, २,००० किलोवर, म्हणजे ४,००० रुपये. दुसरं, वजन. ६० किलो कमी, ठरलेल्या ५८ रुपयांनी ३,४८० रुपये. एकूण ७,४८० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,३४६ रुपये ४० पैसे. म्हणजे बिल ८,८२६ रुपये ४० पैशांनी जास्त आहे. उलटीकडून तपासा: १,९४० किलो गुणिले ५८ म्हणजे १,१२,५२०, आणि १,२०,००० मधून ते वजा केले की ७,४८०. जुळलं.

पहिलं पाऊल, गाडी दारात असतानाच. चलनाच्या ट्रान्सपोर्टरच्या प्रतीवर लिहा, "काट्यावर वजन १,९४० किलो, ६० किलो कमी", ड्रायव्हरची सही घ्या, आणि भरलेल्या व रिकाम्या गाडीच्या दोन्ही पावत्यांचा फोटो काढा. गाडी निघून गेल्यावर "कमी होतं हो शेठ" असं फोनवर सांगितलं, तर समोरचा म्हणणार, "आमच्याकडून पूर्ण भरूनच निघाली होती."

दुसरं पाऊल, त्याच दिवशी लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, ईमेल जास्त चांगला. मजकूर साधा ठेवा: "शेठ, तुमच्या अमुक नंबरच्या बिलात रेट ६० लागलाय, पीओ ५८ चा आहे. वजन ६० किलो कमी. काटा पावती सोबत. ७,४८० अधिक जीएसटीची क्रेडिट नोट द्या."

यासोबत तुम्ही स्वतःची डेबिट नोट काढता. इथेच गोंधळ होतो. डेबिट नोट म्हणजे आपल्या वहीत त्या व्यापाऱ्याचं खातं ८,८२६ रुपये ४० पैशांनी डेबिट केलं, त्याला द्यायची रक्कम तेवढी कमी केली. ती आपली मागणी आहे. पण जीएसटीच्या दृष्टीने तिने काहीच हलत नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे बिलातला कर कमी करणारी क्रेडिट नोट फक्त माल विकणाऱ्याने काढायची असते. तो ती आपल्या GSTR-1 मध्ये दाखवतो, मग ती तुमच्या GSTR-2B मध्ये उतरते.

उलटंही होतं. व्यापाऱ्याने चुकून ५६ रुपये रेट लावला असता, तर उरलेल्या दोन रुपयांसाठी त्यानेच डेबिट नोट काढली असती, आणि तिच्यावरचा जीएसटी तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळाला असता. म्हणजे पोर्टलवर दोन्ही नोटा विकणाऱ्याच्याच. तुमची डेबिट नोट फक्त वहीतली.

क्रेडिट नोट आली की चार गोष्टी बघा: मूळ बिलाचा नंबर आणि तारीख, ७,४८० ही करपात्र रक्कम, ६७३ रुपये २० पैसे सीजीएसटी आणि तेवढाच एसजीएसटी. मग पोर्टलवर IMS मध्ये जाऊन ती स्वीकारा. तुम्ही काहीच केलं नाही तरी ती स्वीकारली असं धरलं जातं. स्वीकारली की तुमचं इनपुट क्रेडिट १,३४६ रुपये ४० पैशांनी कमी होतं. ते बरोबरच आहे, कारण तेवढा कर आता तुम्हाला द्यायचाच नाही. तुमच्याकडे राहतात २०,२५३ रुपये ६० पैसे.

आणि क्रेडिट नोट आलीच नाही तर? तुम्ही ८,८२६ रुपये अडवून ठेवले, पण पोर्टलवर बिल पूर्ण उभं आहे. अशा वेळी पूर्ण २१,६०० चं क्रेडिट घेऊन गप्प बसू नका. जो माल आलाच नाही त्यावर क्रेडिट मिळत नाही. आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत जी रक्कम दिली नाही, तिच्या प्रमाणातलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तेव्हा वादातला भाग तुमच्या टॅक्सवाल्याला सांगून आधीच उलटवून ठेवा.

व्यापाऱ्यालाही घाई असायला हवी. २०२५-२६ च्या बिलाची क्रेडिट नोट त्याने जास्तीत जास्त ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत रिटर्नमध्ये दाखवायची असते. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं, तर तीच शेवटची तारीख. त्यानंतर तो हिशेबातले पैसे सोडू शकतो, पण त्याने भरलेला १,३४६ रुपयांचा कर त्याला परत मिळत नाही. हे त्याला नीट समजावून सांगा, नोट पटकन येते.

शेवटचा मुद्दा. हाच वाद एखाद्या उद्यम नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराशी किंवा पावडर कोटिंगवाल्याशी झाला, तर हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवा. एमएसएमई कायद्यात तेवढ्या दिवसांत हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं मानतात, आणि पेमेंटचे दिवस डिलिव्हरीपासून मोजले जातात. वेळेत हरकत घेतली, तर ते दिवस हरकत मिटल्यापासून मोजतात. आपल्या उदाहरणातला लोखंडवाला व्यापारी आहे, त्याला हा नियम लागत नाही. पण सवय एकच ठेवली की विसरायला होत नाही.

आज घरी गेल्यावर गेल्या महिन्याची मोठी तीन बिलं काढा आणि पीओसोबत ताडून बघा. फरक निघाला तर बिल नंबर लिहून ठेवा आणि उद्या सकाळी फोन नको, मेसेज करा. पुढच्या भागात ई-वे बिलात वजन चुकलं तर काय करायचं ते बघू. भेटूया.