सत्तर टक्के कशाचे?



रोहिणखेडने १४३७ आणि १५९० साली दोन लढाया पाहिल्या. आज मला इथे एक छोटीशी लढाई करायची आहे, तेव्हा अध्यक्षाने द्यायचा आपल्या व्यवसायाचा वार्षिक आढावा मी बाजूला ठेवतो. तो छापील स्वरूपात तुमच्या पिशवीत आहेच.

माझी तक्रार मानेच्या डॉप्लरच्या रिपोर्टबद्दल आहे. अनेक वर्षे मनात होती, आज बोलतो.

पासष्टीचा एक शेतकरी जुनी शुगर आणि बीपी घेऊन माझ्याकडे आला. हातापायांत कधी कमजोरी आली नव्हती, बोबडी वळली नव्हती. शिबिरात कोणीतरी मानेची सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात लिहिले, ‘डाव्या कॅरोटिडमध्ये प्लाक, ७० टक्के अरुंदपणा’. मुलगा रिपोर्ट हातात धरून उभा. म्हातारा म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, सत्तर टक्के नस बंद झाली म्हन्तेत. वावर इकू का?’

रिपोर्टात खाली बारीक अक्षरात रक्ताचा वेग होता, सेकंदाला ९८ सेंटिमीटर. आता मला सांगा, नस खरोखर सत्तर टक्के अरुंद असती, तर रक्त त्या चिंचोळ्या जागेतून एवढ्या सावकाश गेले असते का? २००३ पासून जे निकष बहुतेक सोनोग्राफीवाले मानतात, त्यांत वेग १२५ च्या आत असेल तर अरुंदपणा पन्नास टक्क्यांपेक्षा कमी. सत्तर म्हणायला तो २३० च्या वर हवा. मग हे सत्तर आले कुठून? नसेच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजून. क्षेत्रफळ सत्तर टक्के घटले, तर व्यास साधारण पंचेचाळीसच टक्के घटतो. शस्त्रक्रियेचे सगळे मोठे अभ्यास मात्र व्यासावर उभे आहेत. कशाचे टक्के ते न लिहिता नुसता आकडा छापणे हा माझ्या लेखी निष्काळजीपणा आहे. मधुमेह्याच्या प्लाकमध्ये चुना बराच साचलेला असतो, त्याची सावली पडते आणि आतली पोकळी नीट दिसत नाही. डॉप्लरचा कोन ६० अंशांच्या वर गेला, की वेगही भरवशाचा राहत नाही. तेही लिहायला हवे.

वावर विकले नाही. स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन सुरू केले, बीपी १३०/८० च्या आत आणला, तंबाखू सोडवली. आणि हृदयाची तपासणी करून घेतली, कारण मधुमेह्याच्या मानेत प्लाक सापडला, की हृदयविकाराच्या झटक्याची धास्ती लकव्याइतकीच, किंबहुना जास्तच धरावी लागते. हे रिपोर्ट देणारा सांगत नाही.

सकाळच्या सत्रात वाद रंगला, की प्रत्येक मधुमेह्याची डॉप्लर करावी का. माझे उत्तर नाही असे आहे. लक्षणे नसलेल्यांत, नस बरीच अरुंद असली तरी, आजच्या औषधांवर त्या बाजूचा झटका वर्षाला शंभरात एखाद्यालाच येतो. शिवाय मधुमेह्याचा लकवा पुष्कळदा मेंदूतल्या बारीक नसांमुळे येतो. मान स्वच्छ निघाली म्हणून तो टळत नाही. म्हणजे सरसकट तपासणीत एकाला फुकटची धास्ती आणि दुसऱ्याला फुकटचा दिलासा.

आता दुसरी बाजू ऐका. एक मधुमेही बाई सांगत आली, की डाव्या डोळ्यापुढे पडदा उतरला आणि पाचेक मिनिटांत उठला. आधी तिला कोणी सांगितले होते, शुगरमुळे होते असे. मी विचारले, उजव्या हातातून काही निसटले होते का? परवा लाटणे गळून पडले होते! डावा डोळा आणि उजवा हात, दोन्ही खुणा डाव्या कॅरोटिडकडे बोट दाखवतात. तिचा वेग ३१० निघाला. अशा रुग्णासाठी १९९१ सालचा उत्तर अमेरिकेतला अभ्यास आजही पाठ असावा: लक्षणे झालेल्या आणि सत्तर टक्क्यांच्या वर अरुंदपणा असलेल्यांत, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत २६ टक्क्यांना त्या बाजूचा लकवा, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना. आणि ती शस्त्रक्रिया लक्षणांपासून दोन आठवड्यांच्या आत व्हावी लागते. तिला त्याच दिवशी संभाजीनगरला पाठवले, प्लाक काढला. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

स्टेंट की शस्त्रक्रिया, यावर दुपारी तरुण मित्र तावातावाने बोलले. त्यांनी आधी रुग्णाला विचारावे, गेल्या सहा महिन्यांत डोळा, हात, बोलणे यांपैकी काही गेले आणि परत आले का. ते विचारल्यावर निम्मा वाद उरत नाही.

मागणी एकच. आपल्या भागातल्या रिपोर्टात तीन ओळी असाव्यात: वेग किती, टक्के व्यासाचे की क्षेत्रफळाचे, आणि त्या बाजूची लक्षणे झाली का. तिसरी ओळ पाठवणाऱ्या डॉक्टरने भरायची, म्हणजे तुम्ही-आम्ही. नमुना मी कागदावर उतरवला आहे. तो छापायचा कोणी आणि सोनोग्राफीवाल्यांच्या गळी उतरवायचा कोणी, ते जेवणानंतर कार्यकारिणीने ठरवावे.